“रोजे किती कझा झाले?”

(महिला आरोग्यावरील बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन. रुग्णांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)



मी रक्तविकारांची डॉक्टर आहे. माझ्याकडे येणारी बाई पाळीबद्दल सहसा खरं बोलत नाही. खोटं बोलते असं नव्हे, पण तिला सांगता येत नाही. “पाळी कशी येते?” म्हटलं की उत्तर येतं, “बरोबर येते.” “जास्त जाते का?” “नाही, सगळ्यांसारखीच.” सगळ्यांसारखी म्हणजे कुणासारखी? आईसारखी, बहिणीसारखी, खालासारखी. आणि त्या सगळ्यांच्या रक्तात एकच दोष असेल, तर त्या घरात तो दोष म्हणजेच “सगळ्यांसारखं”.

म्हणून काही वर्षांपासून मी आपल्या घरांतल्या बायकांना वेगळा प्रश्न विचारते. “गेल्या रमजानमध्ये किती रोजे कझा झाले?” याचं उत्तर लगेच येतं, कारण ते रोजे पुढे वर्षभरात भरून काढायचे असतात, त्यामुळे मोजलेले असतात. कुणी पाच म्हणते, कुणी सात. दहा म्हणाली की मी पेन खाली ठेवून पुढचं विचारते, “दहाच दिवस गेलं, की दहा झाले म्हणून रोजा धरलात?” हनफी घरात हैजची मर्यादा दहा दिवसांची मानतात, त्यानंतरचं रक्त इस्तिहाजा. म्हणजे बाई अकराव्या दिवशी नमाज-रोजा सुरू करते, पण रक्त चालूच असू शकतं. आपल्या कोकणातल्या शाफई घरांत हीच मर्यादा पंधरा दिवसांची आहे. त्यामुळे रत्नागिरीची बाई चौदा सांगेल आणि सोलापूरची दहा सांगेल, आणि दोघींचं दुखणं एकच असेल. माझ्या शास्त्राच्या हिशेबानं मात्र सात दिवसांच्या वर रक्त जाणं ही चौकशीची वेळ आहे.

या प्रश्नातूनच मला एक घर सापडलं. आज त्या घराबद्दल बोलते, आणि ते सापडायला मी स्वतः किती उशीर केला त्याबद्दलही.

मुलगी पंधरा वर्षांची, दहावीतली. तालुक्याच्या गावातून रात्री आणली. चेहरा कागदासारखा, नाडी मिनिटाला 128. पाळीचा अकरावा दिवस. हिमोग्लोबिन 5.8, म्हणजे असायला हवं त्याच्या निम्म्याहून कमी. पहिली पाळी तेराव्या वर्षी आली, तेव्हापासून हेच. याआधी दोनदा तिला रक्त चढवून घरी पाठवलं होतं. दोन्ही वेळी सांगितलं गेलं की वयात येताना असं होतं, शरीराची घडी बसली की थांबेल. दोन वर्षांत घडी बसली नव्हती.

तिची फाइल जाड होती. प्लेटलेट 3 लाख 40 हजार, उत्तम. बीटी-सीटी नॉर्मल. पीटी नॉर्मल. एपीटीटी 34 सेकंद, नॉर्मल. सोनोग्राफी नॉर्मल. आई माझ्याकडे बघून म्हणाली, “बाजी, सब रिपोर्ट अच्छे हैं, फिर बच्ची क्यूं सूख रही है?”

या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी थोडं शरीरात डोकवावं लागेल.

रक्तवाहिनीला चीर पडली की रक्त थांबवायची पहिली जबाबदारी प्लेटलेटची. पण छोट्या रक्तवाहिन्यांत रक्त फार वेगानं वाहतं. पुराच्या ओढ्यातून ओंडके धावतात तशा प्लेटलेट त्या चिरेजवळून सरळ पुढे निघून जातात. त्यांना धरायला काहीतरी लागतं. ते काम एक प्रथिन करतं. त्याचं नाव व्हॉन विलेब्रांड फॅक्टर. ते रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात तयार होतं. एकाला एक जोडलेल्या कड्यांची ती लांबलचक साखळी असते, आणि एरवी रक्तात ती लोकरीच्या गुंडीसारखी गुंडाळलेली फिरते. चीर पडली की तिचं एक टोक उघड्या पडलेल्या भिंतीला चिकटतं, आणि वाहत्या रक्ताच्या ओढीनंच ती गुंडी उलगडते. उलगडली की तिच्यावर प्लेटलेट अडकू लागतात, जशी बाभळीच्या काट्यांवर वाहत आलेली चिंधी अडकते. साखळी जितकी लांब तितकी पकड चांगली.

या प्रथिनाला दुसरंही काम आहे. रक्त गोठवणारा एक घटक आहे, फॅक्टर आठ. हिमोफिलिया ए या आजारात तोच कमी असतो. हा फॅक्टर आठ एकटा फिरू शकत नाही. व्हॉन विलेब्रांड त्याला पाठीवर घेऊन फिरतो. पाठीवर असेल तर फॅक्टर आठ साधारण बारा तासांत निम्मा होतो. एकटा सोडला तर एक-दोन तासांतच निम्मा. म्हणजे हमालच कमी पडला तर मालही जागच्या जागी नासतो.

हे प्रथिन जन्मतःच कमी असणं किंवा सदोष असणं, हा आनुवंशिक रक्तस्रावाच्या आजारांतला सगळ्यांत जास्त आढळणारा आजार. हिमोफिलियाचं नाव सगळ्यांनी ऐकलंय, याचं नाही. साधारण हजारात एकाला त्रास देण्याइतका तो असतो असं मानतात. नाकातून वारंवार रक्त येणं, हिरड्यांतून येणं, न मार लागता अंगावर काळेनिळे डाग, दात काढल्यावर दोन-दोन दिवस रक्त पाझरत राहणं, आणि बायकांत पाळी. पुरुषाला आयुष्यात दहा वेळा दाढी करताना कापेल. बाईला मात्र हा आजार दर महिन्याला परीक्षेला बसवतो.

मग रिपोर्ट चांगले का? कारण त्यातली एकही तपासणी या प्रथिनाकडे पाहतच नाही. प्लेटलेटची संख्या मोजली, पण त्यांना धरणारं कुणी आहे का ते मोजलं नाही. बोटाला टोचून करतात ती बीटी-सीटी तर इतकी ढोबळ आहे की सौम्य आजार तिच्यातून सहज निसटतो. ऑपरेशनच्या आधी आपल्याकडे अजूनही तिच्यावर भरवसा ठेवतात, ते मला पटत नाही. एपीटीटी फॅक्टर आठ बराच खाली गेला तरच लांबते, चाळीस टक्क्यांच्या आसपास असेल तर बहुधा नॉर्मलच येते. या आजारासाठी तीन गोष्टी वेगळ्या मागवाव्या लागतात. रक्तात व्हॉन विलेब्रांड किती आहे, तो काम किती करतो, आणि फॅक्टर आठ किती आहे.

मी त्या रात्री त्या तिन्ही मागवल्या. आणि इथे माझी चूक झाली.

रिपोर्ट आला: प्रमाण 58 टक्के, काम 55, फॅक्टर आठ 84. पन्नासच्या वर म्हणजे नॉर्मल. मी फाइलवर लिहिलं की व्हॉन विलेब्रांड नाही. मुलीला दोन बाटल्या रक्त दिलं, रक्त थांबवायच्या हॉर्मोनच्या गोळ्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी आधीच सुरू केल्या होत्या, तीन दिवसांत ती घरी गेली.

माझ्या लक्षात यायला हवं होतं की हे प्रथिन संकटात वाढतं. ताप, धावपळ, भीती, तीव्र रक्तस्राव, गरोदरपण, इस्ट्रोजेनच्या गोळ्या, यातल्या प्रत्येकानं त्याची पातळी वर जाते, कधी दुप्पटसुद्धा. माझी मुलगी भेदरलेली होती, हृदय धडधडत होतं, आणि इस्ट्रोजेन पोटात होतं. अशा वेळी 58 हा आकडा नॉर्मल नसतो, संशयास्पद असतो. तो आकडा मी एखाद्या निवांत माणसाचा म्हणून वाचला.

उलटी चूकही होते, तीही सांगून टाकते. गावातून नमुना पाठवताना लोक काळजीनं नळी बर्फात ठेवतात. दुधाला ते चालतं, या तपासणीला नाही. न गाळलेलं रक्त गार केलं की त्यातला व्हॉन विलेब्रांड कमी होतो, आणि निरोगी माणसाला आजाराचा शिक्का बसतो. नमुना खोलीच्या तापमानाला ठेवायचा, लवकर फिरवून वरचं पिवळं पाणी वेगळं करायचं, आणि मग ते गोठवून पाठवायचं. निळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत भरलेली पाहिजे. हे लॅबच्या मुलांना विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

दीड महिन्यानं ती मुलगी लोहाच्या गोळ्या संपल्या म्हणून परत आली. बाहेर बाकावर आई आणि धाकटा भाऊ. मी सहज आईला तो रोज्यांचा प्रश्न विचारला. आई हसली. म्हणाली, “मेरे तो हर साल दस जाते थे, मेरी अम्मी के भी. अब कुछ नहीं, चौतीस साल में थैली निकलवा दी.” पिशवी का काढली? रक्त फार जायचं म्हणून. आणि काढल्यावर? ऑपरेशनच्या जागी रक्त साठलं, पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं, चार बाटल्या लागल्या.

मी खुर्ची पुढे ओढली. मुलाचं काय? मुलाचा खतना झाला तेव्हा रात्रभर रक्त थांबलं नव्हतं. सगळ्यांनी खतना करणाऱ्याला दोष दिला, त्याचा हात वाईट म्हणाले. दवाखान्यात नेऊन टाके घातले, विषय संपला. आणि नानी? नानी सहाव्या बाळंतपणानंतर गेली. बाळंत होताना नव्हे, दहाव्या दिवशी, रक्तानं.

आता नानीला काय होतं हे आज कुणीच सांगू शकत नाही, बाळंतिणीला रक्तस्राव व्हायला इतर अनेक कारणं असतात. पण दहावा दिवस माझ्या डोक्यात अडकला. गरोदरपणात हे प्रथिन आपोआप वाढतं, त्यामुळे सौम्य आजार असलेली बाई प्रसूतीची वेळ बऱ्याचदा सुखरूप पार करते. नंतर पातळी उतरायला लागते, आणि दाई, डॉक्टर, सासर सगळे निर्धास्त झालेले असताना रक्त सुरू होतं. म्हणून अशा बाईवर बाळंतपणानंतरचे दोन-तीन आठवडे लक्ष ठेवावं लागतं.

त्या दिवशी मुलीला तपासलं नाही. हॉर्मोनच्या गोळ्या बंद करून महिनाभर झाल्यावर, ताप-सर्दी नसताना, पाच मिनिटांऐवजी अर्धा तास शांत बसवून नमुना घेतला. प्रमाण 27. काम 25. फॅक्टर आठ 41. रक्तगट ओ. दोन आठवड्यांनी पुन्हा केलं, आकडे तसेच.

हे कसं वाचायचं? प्रमाण आणि काम दोन्ही सारख्याच प्रमाणात कमी आहेत. म्हणजे प्रथिन चांगल्या प्रतीचं आहे, फक्त थोडं आहे. हा पहिला प्रकार, आणि बहुतेक रुग्ण यातलेच. प्रमाण बरं पण काम त्याच्या मानानं फारच कमी असतं, तर साखळीच सदोष, तो दुसरा प्रकार. आणि प्रथिन जवळपास नाहीच, तो तिसरा, सगळ्यांत जड. रक्तगटाचा उल्लेख केला कारण ओ गटाच्या लोकांत हे प्रथिन मुळातच साधारण पाव हिश्शानं कमी असतं. म्हणून 45 आकडा आला आणि घरात कुणालाच कधी रक्ताचा त्रास नसेल, तर मी आजाराचं नाव देत नाही. तीसच्या खाली आकडा आला तर देते. तीस ते पन्नासच्या मध्ये असेल तर आकड्यापेक्षा माणसाची हकीकत मोठी.

आईचा आकडा 34 आला. भावाचा 31. गर्भाशय गेलं ते गेलं. त्या बाईनं रिपोर्ट हातात धरला आणि मला एवढंच विचारलं की चौतिसाव्या वर्षी ही तपासणी होत होती का. होत होती, असं सांगावं लागलं. तिच्या गावात होत नव्हती, हेही खरं.

आता तुम्ही विचाराल, आपल्यात चुलत-मावस लग्नं होतात, म्हणून हे होतं का? या प्रश्नावर आपल्या बैठकांत फार घाईनं मत दिलं जातं, दोन्ही बाजूंनी. नीट पाहू. या मुलीच्या आई-वडिलांचं काही नातं नाही. पहिल्या प्रकारात बहुधा एकाच पालकाकडून आलेला दोष पुरतो. मूल मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक वेळी शक्यता दोनात एक. तिथे नात्यातल्या लग्नाचा संबंध नाही. तिसऱ्या प्रकारात मात्र आहे. तिथे आई आणि बाप दोघांकडून दोष यावा लागतो. असे आई-बाप स्वतः बहुधा ठणठणीत असतात, त्यांना पत्ता नसतो. सख्ख्या चुलत-मावस भावंडांत आजी-आजोबांचा वारसा समाईक, त्यामुळे एकच लपलेला दोष दोघांकडे असण्याची शक्यता वाढते, आणि मग दर मुलामागे चारात एक धोका. भारतातल्या मोठ्या केंद्रांतल्या नोंदींत तिसरा प्रकार जास्त दिसतो, त्याला नात्यातली लग्नं हे एक कारण आहे. दुसरं कारण आपलं आळशीपण: सौम्य रुग्ण आपण शोधतच नाही, फक्त मरणाच्या दारातले मोजतो. आणि मामाच्या मुलीशी लग्न महाराष्ट्रात केवळ मुसलमानच करतात असं नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

ज्याच्या नावानं हा आजार ओळखतात तो तर आपल्यापासून फार दूरचा माणूस. एरिक फॉन विलेब्रांड, फिनलंडमधल्या हेलसिंकीचा डॉक्टर. 1924 साली त्याच्याकडे ह्योर्डिस नावाची पाच वर्षांची मुलगी आणली. ती ओलांड बेटांवरच्या फोग्लो नावाच्या छोट्या वस्तीतली, बाल्टिक समुद्रातली. तिच्या काही बहिणी आधीच रक्तस्रावानं गेल्या होत्या. त्यानं त्या कुटुंबातल्या 66 माणसांची वंशावळ मांडली, त्यांपैकी 23 जणांत आजार होता. 1926 मध्ये त्यानं ते छापलं. तेव्हा वैद्यकात ठाम समज होता की वाहत्या रक्ताचा वारसा मुलग्यांचा, हिमोफिलियाचा. यानं लिहिलं की इथे बायकाही आजारी आहेत, त्यांना जास्त त्रास आहे, आणि प्लेटलेटची संख्या तर नॉर्मल आहे. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी त्याच्यासमोर जी फाइल होती, तीच माझ्यासमोर होती. ह्योर्डिस पुढे तेराव्या वर्षी गेली. तिची ती चौथी पाळी होती.

आपल्या मुलीकडे येते. तिला उपचार काय दिले?

पहिली गोष्ट, रक्ताच्या बाटल्या. त्या जीव वाचवतात, पण वाहणं थांबवत नाहीत. बाटलीतल्या लाल पेशींतून प्लाझ्मा काढून टाकलेला असतो, आणि व्हॉन विलेब्रांड प्लाझ्मात असतो. म्हणून दोनदा रक्त चढवूनही ती पुन्हा तिथेच आली.

दुसरी, ट्रॅनेक्सामिक ॲसिड. साधी, स्वस्त गोळी, तालुक्याच्या दुकानात मिळते. ती प्रथिन वाढवत नाही, जी गुठळी कशीबशी तयार होते तिला लवकर विरघळू देत नाही. पाळी सुरू झाली की पहिल्या दिवसापासून, एक ग्रॅम दिवसातून तीनदा, चार-पाच दिवस. लघवीत रक्त असेल किंवा पूर्वी पायात गुठळी झाली असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायची नाही. मुलगी सुरुवातीला तिसऱ्या दिवशी घेत होती, “जास्त गेलं तर घेईन” म्हणून. तिला पहिल्याच दिवशी घ्यायला लावल्यावर फरक पडला. सोबत पाळी हलकी करणाऱ्या हॉर्मोनच्या गोळ्या. इथे आजी-मंडळींचा विरोध झाला, बिनलग्नाच्या मुलीला त्या गोळ्या कशा? मी सांगितलं, गोळीला निकाहनामा कळत नाही, तिला गर्भाशयाचं अस्तर कळतं. आणि लोह, रक्त भरून आल्यावरही तीन महिने, कारण शरीराचं कोठार रिकामं होतं. तिचं फेरिटिन 4 होतं.

तिसरी गोष्ट, काय घ्यायचं नाही. पाळीत पोट दुखतं म्हणून मुली मेफेनामिक ॲसिडच्या किंवा आयबुप्रोफेनच्या गोळ्या घेतात, डोकं दुखलं की ॲस्पिरिन. या गोळ्या प्लेटलेटना ढिल्या करतात. ज्या घरात धरणारी साखळीच कमी आहे तिथे प्लेटलेटही ढिल्या करायच्या नाहीत. दुखलं तर पॅरासिटामॉल.

चौथी, डेस्मोप्रेसिन नावाचं इंजेक्शन. रक्तवाहिनीच्या अस्तरात व्हॉन विलेब्रांडचा थोडा साठा बांधून ठेवलेला असतो. हे औषध तो साठा सोडायला लावतं. प्रत्येकाला लागू पडतं असं नाही, म्हणून शांत दिवशी चाचणी करून बघतात. मुलीचं वजन 45 किलो. किलोला 0.3 मायक्रोग्रॅम, म्हणजे साडेतेरा मायक्रोग्रॅम, सलाइनमधून अर्ध्या तासात दिलं. एका तासानं आकडा 27 वरून 96 वर गेला. चार तासांनी 70. म्हणजे दात काढायचा असेल, छोटं ऑपरेशन असेल, तर या एका इंजेक्शनवर भागेल. पण त्यानंतर चोवीस तास पाणी मोजून प्यायचं. हे औषध लघवी रोखतं, भरपूर पाणी प्यायलात तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि झटके येऊ शकतात. दोन वर्षांखालच्या मुलांना म्हणूनच देत नाही.

तिसऱ्या प्रकारात हे इंजेक्शन निरुपयोगी, साठाच नाही तर सुटणार काय? तिथे व्हॉन विलेब्रांड असलेलं फॅक्टरच लागतं. इथे एक घोळ मी दोनदा पाहिला आहे. आजार “हिमोफिलियासारखा” म्हणून रुग्णाला नुसत्या शुद्ध फॅक्टर आठची बाटली टोचतात. हमालाशिवाय माल. दोन तासांत निम्मा संपतो आणि रक्त पुन्हा सुरू. बाटलीवर व्हॉन विलेब्रांडचं प्रमाण लिहिलेलं आहे का ते पाहायचं. ती नसेल तर रक्तपेढीतलं क्रायोप्रेसिपिटेट, हे मोठ्या शहरात मिळतं.

खतन्याचं राहिलं. या घरातल्या खालाचा मुलगा सहा वर्षांचा, खतना व्हायचा होता. त्याला आधी तपासलं, 32. खतना रुग्णालयात सर्जननं केला, अर्धा तास आधी डेस्मोप्रेसिन, नंतर आठवडाभर ट्रॅनेक्सामिक ॲसिड. पाचव्या दिवशी खपली निघताना रक्त येतं, मी त्या दिवसाची वाट पाहत होते. आलं नाही. ज्या घरात असा आजार माहीत आहे तिथे सातव्या दिवशी खतना करू नका. जन्मलेल्या बाळात हे प्रथिन काही महिने वाढलेलंच असतं, त्यामुळे तेव्हाचा चांगला रिपोर्ट फसवा असू शकतो.

शेवटी कायद्याबद्दल, कारण ही मंडळी कायद्यात रस घेणारी आहेत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत रक्ताचे तीन आजार आहेत, हिमोफिलिया, थॅलसेमिया आणि सिकलसेल. व्हॉन विलेब्रांडचं नाव नाही. आणि हिमोफिलियाची जी व्याख्या तिथे दिली आहे, तिच्यात तो सहसा पुरुषांनाच होतो आणि बायका तो मुलग्यांकडे पोचवतात अशा अर्थाचे शब्द आहेत. तिसऱ्या प्रकारच्या मुलीचे सांधे रक्तस्रावानं हिमोफिलियाच्या मुलासारखेच खराब होतात. पण प्रमाणपत्राच्या टेबलावर तिला सांगावं लागतं की मी तो पुरुषही नाही आणि तो आजारही नाही. यावर अर्ज-निवेदनं करायची असतील तर मी आकडे, रिपोर्ट द्यायला तयार आहे.

कुणीतरी चिठ्ठीत विचारलंय की कपडा वापरणाऱ्या बाईनं जास्त-कमी कसं मोजायचं. पॅडचा हिशेब सोपा आहे, दर तासा-दोन तासाला भरलं तर जास्त. कपड्यात तीन गोष्टी बघा. रात्री उठून कपडा बदलावा लागतो का. अंथरुणावर जुनी गोधडी किंवा प्लास्टिक घालून झोपता का. आणि रुपयाच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गुठळ्या पडतात का. या तीनपैकी एकाचंही उत्तर “हो” असेल आणि घरात आणखी कुणाचं नाक फुटतं, दात काढल्यावर रक्त थांबत नाही, खतन्याला टाके पडले, असं असेल, तर बीटी-सीटीच्या रिपोर्टवर घरी जाऊ नका. डॉक्टरांना कागदावर लिहून द्या: व्हॉन विलेब्रांड अँटिजेन, व्हॉन विलेब्रांड ॲक्टिव्हिटी, फॅक्टर आठ.

त्या मुलीचं विचारताय. बारावीला आहे. गेल्या रमजानमध्ये तिचे सहा रोजे कझा झाले. तिनंच फोन करून सांगितलं.